तालायला सोपवताना

बुरुल एजेंना, एजे म्हणजे थोरली ताई, आमच्या गल्लीतले लोक अजूनही विचारतात, तुम्ही कोच म्हणजे नेमक्या कुठल्या संघाच्या? एजे शांतपणे सांगतात, हरलेल्यांच्या. मग विचारणारा दोन मिनिटं ओशाळतो आणि पुढच्या महिन्यात आपल्या मेव्हण्याला घेऊन येतो, कारण बिश्केकमध्ये ज्याचा मेव्हणा पीत नाही असं घर शोधावं लागेल.

एजे पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. ठेंगणी, रुंद बाई, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आता बाजाराच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेऊन बसतात. आम्ही त्याला केंद्र म्हणतो, घरमालक गोदाम म्हणतो. औषध देणारा डॉक्टर वेगळा, दुसऱ्या चौकात. एजेंचं काम त्यानंतरचं, दारू सुटलेल्या माणसाने रोजचा दिवस कसा काढायचा ते त्याच्याबरोबर बसून ठरवणं. मीही असाच तिथे आलो आणि तिथेच राहिलो. चहा करतो, गाडी चालवतो आणि नव्या लोकांना सांगतो की बाबांनो, मी सुटलो तर कुणीही सुटेल. माझं नाव एसेन. माझ्याविषयी एवढं पुरे.

तालाय माझ्याच बरोबरीने सुटला. कोचकोर गावाकडचा ड्रायव्हर, उंचपुरा, लाजाळू, हात फावड्यासारखे. बाप वारला तेव्हा हा रशियात बांधकामावर होता. भावाने फोनवर एका वाक्यात बातमी दिली, खोलीवर दुसरं कुणी नव्हतं, आणि तालाय तिथून जो प्यायला बसला तो परवाना जाईपर्यंत. पुढे आईने त्याला हाताला धरून एजेंकडे आणलं. म्हातारी अर्धी बहिरी होती आणि सगळ्या जगालाच बहिरं समजून बोलायची. “हा माझा शेवटचा आहे, याला नीट करा,” असं तिने दारातून ओरडून सांगितलं ते अख्ख्या बाजाराने ऐकलं.

दोन वर्षं तो कोरडा राहिला. परवाना परत मिळाला. मग पोलंडमधल्या एका मालवाहतूक कंपनीने त्याला घेतलं, मोठा ट्रक, चांगला पगार. आम्ही आनंदाने बेशबार्माक केलं आणि जेवता जेवता एजे म्हणाल्या, आता तुला दुसऱ्या कोचकडे सोपवावं लागेल.

तालायचा चेहराच पडला. फोन आहे की, तो म्हणाला, रोज बोलू.

“फोनवर वास येत नाही, बाळा,” एजे म्हणाल्या. “तू ज्या गावात गाडी लावणार, त्या गावात तुझ्यासमोर बसणारं माणूस पाहिजे.”

कंपनीच्या गावात, पोझनानमध्ये, झोया नावाची बाई त्यांनी शोधली. मूळची मिन्स्ककडची, रशियन बोलणारी, हेच काम करणारी. आणि मग एजेंनी सोपवणीचं पान लिहायला घेतलं. त्या कामात त्या जितक्या चिडल्या तितकं चिडलेलं मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही. एकच पान, त्याहून जास्त नाही. माणूस आता कुठे आहे, त्याला स्वतःला काय हवंय, कशाने सावरतो, कशाने बिघडतो, घसरायला लागला की आधी काय दिसतं, अडचणीत कुणाला कळवायचं. बंद दाराआड त्याने काय काय सांगितलं त्यातलं काही नाही. मी म्हटलं, एवढी दोन वर्षं आणि एकच पान? तर म्हणाल्या, नव्या बाईने माझ्या चष्म्यातून त्याला बघू नये, तिचे डोळे आहेत तिला. आणि तालायने वाचून होकार दिल्याशिवाय एक अक्षर पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम काळ्या दगडावरची रेघ.

तालायने बोट ठेवून ठेवून वाचलं. ‘सावरतो’ खाली त्याने स्वतः लिहायला लावलं की दर रविवारी आपाला, म्हणजे आईला, फोन. ‘बिघडतो’ खाली एजेंनी लिहिलं होतं की वाईट बातमी एकटा असताना, फोनवर देऊ नये. त्या ओळीवरून त्याने बोट दोनदा फिरवलं. मग म्हणाला, राहू दे एजे, खरंच आहे. अडचणीत कळवायचा माणूस म्हणून थोरला भाऊ मेदेर ठरला, म्हणून त्या पानाची एक प्रत तालायनेच त्याला दिली.

निघायच्या आधी तिघांचं एकत्र बोलणं झालं, पडद्यावर झोया, इकडे हे दोघं. एजेंनी थोडक्यात सांगितलं आणि त्या उठल्या. “आता तुम्ही दोघं बोला. मी यात नाही.” बाहेर येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. सोपवलं म्हणजे सोपवलं, मागून फोन करून चौकशा करायच्या नाहीत, नाहीतर माणूस दोन दारांमध्ये उभा राहतो. हेही त्यांनीच मला शिकवलेलं.

जानेवारीत तालायची म्हातारी गेली.

बातमी गावाकडून मला कळली. एजे आणि मी गाडी काढून बर्फातून गेलो. अंगणात युर्ता, नमद्याचा गोल तंबू, उभा होता, आत बायका भिंतीकडे तोंड करून शोक गात होत्या, बाहेर कमरा बांधलेले पुरुष काठीवर वाकून मोठ्याने रडत होते. मेदेरच्या शेजारची जागा, धाकट्या मुलाची, रिकामी होती. मलाही रडू आलं, आणि त्यातलं निम्मं त्या रिकाम्या जागेसाठी होतं.

संध्याकाळी मेदेरने आम्हाला गोठ्यामागे बोलावलं. तालायला काही कळवायचं नाही, तो म्हणाला. आत्ता आला तर नोकरी जाईल, तिकडचा परवाना जाईल. वसंतात सुट्टीवर येईल, तेव्हा चार वडीलधारी बसवून रीतीप्रमाणे सांगू. आमच्याकडे दूरच्या माणसाला मरण असंच सांगतात, समोर बसवून, दोन्ही बाजूंना आपली माणसं ठेवून. त्यात चुकीचं काही नाही. पण वसंताला अवकाश होता.

एजे म्हणाल्या, तिकडेही आपले ड्रायव्हर आहेत, त्यातले दोन वयस्क शोध, त्याच्याजवळ बसव, त्यांना सांगू दे. मी शोधून देते.

“माझ्या आईचं मरण परक्याच्या तोंडून?” मेदेर म्हणाला. “उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

“लोकांचं सोड. त्याला कळलं पाहिजे.”

मेदेरने खिशातून फोन काढला. त्यात त्या पानाचा फोटो होता. “तुम्हीच लिहिलंय ना, एजे? फोनवर सांगायचं नाही. एकटा असताना सांगायचं नाही. मी तेच पाळतोय.”

“मी कसं सांगू नये ते लिहिलंय. सांगूच नये असं लिहिलेलं नाही.”

“तो पुन्हा प्यायला तर तुम्ही येणार आहात निस्तरायला? आता तर तो तुमचा राहिलाही नाही.”

मला त्या मेदेरचा असा राग आला की काय सांगू. पण तो काही वाईट माणूस नाही. एकदा फोनवर सांगून भाऊ घालवला होता त्याने, आता न सांगून वाचवायला निघाला होता.

पहिल्या रविवारी तालायला सांगितलं, आपाचा घसा बसलाय. पुढच्या रविवारी बहिणीने, आनाराने, आपा होऊन फोन घेतला. आवाज आईवरच गेलाय तिचा. मेदेरने हे मला कौतुकाने कळवलं. मी एजेंना सांगितलं, तर त्या खुर्ची न बघताच खाली बसल्या.

त्यातच झोयाचा निरोप आला. तुमचं पान फार कामाचं ठरलं, रविवारचा फोन तो एकदाही चुकवत नाही, मी त्याची सगळी घडी त्या फोनभोवतीच बसवली आहे.

एजेंनी तो निरोप मला वाचून दाखवला आणि फोन उपडा ठेवला. पान तालायच्या संमतीचं होतं, पण ही बातमी घरच्यांची होती. ती झोयाला सांगायची तर उद्या झोयाने त्याच्यासमोर सगळं माहीत असून गप्प बसायचं, नाहीतर परक्या देशात परक्या बाईने त्याला ते सांगायचं. शेवटी त्यांनी एवढंच लिहिलं की सगळा भार त्या फोनवर टाकू नका, आणि मी तुमच्याशी त्याच्याविषयी बोलावं का ते त्यालाच विचारा. झोयाने सरळ माणसासारखं विचारलं. तालाय म्हणाला, गरज नाही, सगळं छान आहे. दार लागलं. आणि ते दार एजेंनीच बसवलेलं होतं.

म्हातारीच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला निघायच्या आदल्या दिवशी झोयाचा पुन्हा निरोप आला. या वेळी तालायनेच तिला पाठवायला सांगितलं होतं, एजेंना आणि मला. कंपनीच्या आवारात सकाळच्या दारूच्या फुंकर-तपासणीत तो सापडला. नोकरी गेली. आता एका गोदामात पेट्या उचलतो, झोयाकडे यायचं बंद केलंय. शेवटचं आला तेव्हा ती म्हणाली की आता आई तरी आहे, तिच्यासाठी सावर. तेव्हा तो हसला. म्हणाला, आपा कधीचीच गेली. आनाराच्या पहिल्याच फोनला कळलं. आपा ओरडून बोलायची, मी फोन कानापासून लांब धरायचो. आनारा हळू बोलत होती, पकडली जाईन म्हणून घाबरत होती.

मग सांगितलं का नाहीस, झोयाने विचारलं.

“कळलंय म्हणालो असतो तर पुढच्या रविवारी तो आवाज आला नसता.”

घरी सांगू नका, एवढी एकच अट त्याने घातली होती.

चाळिसावा रविवारीच आला. रीतीप्रमाणे घोडं कापलं होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं. दुपारी फोन वाजला आणि मेदेरने हाताने सगळ्यांना गप्प केलं. आनारा कोपऱ्यात गेली. तिने खुंटीवरचा आईचा रुमाल घेऊन डोक्याला बांधला, तिकडे कुणाला दिसणार नव्हता तरी. मग ती हळू आवाजात म्हणाली, “बालाम, लेकरा, जेवलास का?”

फोन जुना, आवाज खोलीभर यायचा. तालाय खूप बोलला. ट्रक मस्त चाललाय म्हणाला, रस्ते गुळगुळीत आहेत म्हणाला, आपा, तू मफलर बांध म्हणाला. मधूनच मोठ्याने हसला. एजेंच्या हातातली चहाची वाटी तशीच राहिली. मला वाटलं त्या आता बोलतील. सगळ्यांसमोर बोलतील आणि हा तमाशा मोडतील. त्या बोलल्या नाहीत. कुणाच्या परवानगीने बोलणार होत्या?

आनाराने फोन ठेवला, रुमाल सोडला आणि डोळे पुसले.

“आज खुशीत होता,” ती आम्हाला म्हणाली. “किती हसला, ऐकलंत ना?”

“ऐकलं,” एजे म्हणाल्या.

मीही ऐकलं होतं. ते हसू मला आणि एजेंना चांगलं ओळखीचं आहे. ते ओळखायला दारूचा वास यावा लागत नाही.