उसने बैल आणि पगाराचं खातं

आमच्याकडं सोयरीक बघायला पाहुणे येणार म्हणलं की शेजाऱ्याची बैलजोडी आपल्या दावणीला बांधायची जुनी रीत आहे. पाहुणे गेले की जोडी परत. यात कोणाला वावगं वाटत न्हाई. पाहुणेही घरी तेच करून आलेले असतात.

माझं पोरगं जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात कामाला. त्यानं बदनापूरला दोन खोल्यांचं घर बघितलं, बयाणा दिला. बाकीसाठी बँकेचं कर्ज. घरमालक म्हणला, महिनाअखेर कागद आणा, न्हाईतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

कर्ज काढायचं हे सहा महिने आधीच ठरलं होतं, आणि बँक सहा महिन्यांचं स्टेटमेंट बघते हे मला चहाच्या टपरीवर कळलं होतं. मंग मी काय गप बसतो? महिनाअखेर पोराचं खातं भरलेलं दिसलं पाहिजे. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला अंबडच्या माझ्या खात्यातून चाळीस हजार काढायचे, बदनापूरला जाऊन पोराच्या खात्यात भरायचे. दोन तारखेला पोरानं काढून मला परत द्यायचे. पोरगं कुरकुरायचं. मी म्हणायचो, "तुला अक्कल येईस्तोवर बापाचं ऐक."

बँकेत कर्जाच्या टेबलाला एक मॅडम होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन्सिल. त्यांनी आधी पगाराच्या ओळींवर खुणा केल्या. दर महिन्याला कारखान्याच्याच नावानं जमा होतो का, कोणत्या तारखेला, पगाराच्या पावतीवरचा आकडा आणि खात्यात आलेला आकडा बराबर आहे का. दोन महिने ओव्हरटाईमचे पैसे जादा होते. त्या म्हणल्या, "हे दर महिन्याला मिळेल असं न्हाई, हे मी धरत न्हाई." मला राग आला.

मंग पेन्सिल चाळीस हजारावर थांबली. पुढच्या महिन्यातही तिथंच. त्यांनी पोराकडं बघितलं.

"दर महिन्याला रोख चाळीस येतात आन आठ दिवसात जातात. कोणाकडून हातउसने घेता का? कुठलं खाजगी कर्ज आहे?"

मी खुर्ची पुढं ओढली.

"बाई, कर्ज बिलकुल न्हाई. आमच्या घरात कोणी जलमात उसनं घेतलं न्हाई. ते बैल आहेत."

"काय?"

मी सगळी रीत समजावून सांगितली. शेजारच्या टेबलाचा माणूस टाईप करायचा थांबला.

"काका," मॅडम म्हणल्या, "आम्ही नुसती महिनाअखेर बघत न्हाई. पाच तारखेला किती, पंधराला किती, पंचवीसला किती, असं बघतो. तुमचे बैल आम्हाला येताना दिसतात आन जाताना पण दिसतात."

मी माझं पासबुक टेबलावर आपटलं. बघा म्हणलं! त्यांनी दोन्हीतल्या तारखा ताडून बघितल्या. माझ्यातून निघाले त्याच दिवशी पोराकडं जमा. हसू दाबत त्यांनी सहाही ओळींवर काट मारली.

"ठीक आहे, बैल वजा. पण चौथ्या महिन्यात गाडीचा हप्ता परत गेलाय, दंड लागलाय. का?"

पोरगं पुटपुटलं, "पगार बारा तारखेला झाल्ता. हप्ता दहाला."

"तरी खात्यात हप्त्यापुरते असायला पाहिजे होते. दोनशेच कमी आहेत." पेन्सिल वर सरकली. "हे बघा. चाळीस हजार भरले आन काढले चाळीस हजार तीनशे. दर महिन्याला तीनशे जादा."

"ते माझं भाडं," मी म्हणलो.

"अप्पा!" पोरगं ओरडलंच. "तुमची पंच्याहत्तरी झाली, तुम्हाला यष्टी फुकट आहे!"

"फुकट असली म्हणून काय झालं? चहा लागतो. भजे लागतात. मी काय तुझा चाकर आहे?"

"म्हणजे बैल परत नेताना," मॅडम म्हणल्या, "चारा पण ह्यांचाच नेला." आन मंग त्यांना जे हसू सुटलं, चष्मा काढून डोळे पुसले.

नंतर हिशोब केला. नुसता पगार धरून सरासरी चोवीस हजार. त्यातला निम्मा सगळ्या हप्त्यांना, म्हणजे बारा. त्यातून गाडीचे एकोणचाळीसशे गेले. राहिलं त्यात घराचा हप्ता बसवायचा.

"एकच हप्ता चुकलाय, पगार उशिरा झाल्याचं दिसतंय, मी तसं लिहिते. पण घराची सगळी किंमत बँक देत न्हाई. तुमचा वाटा पुरा आहे का?"

पोरानं मान खाली घातली. "अडतीस हजार कमी पडतात."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. पोरगंही. शेजारच्या टेबलाचा माणूससुद्धा. मी पंख्याकडं बघितलं. पंखा चांगला होता.

"काका, ते बैल खरंच तुमचे आहेत ना?"

आता माणूस न्हाई कसं म्हणणार?

महिना संपायच्या आत कागद झाले. चाळीस हजार भरले त्या दिवशी मी पोराला बजावलं, वरचे दोन हजार माझ्या चहा-भज्याचे. ते अजून दिले न्हाईत. बदनापूरला गेलो की रोज आठवण करून देतो, त्याच्याच खोलीत बसून.