खुशालराव ताथोड आणि परत जायची मुदत

तेल्हाऱ्याच्या बाहेर, जिनिंगांच्या रस्त्यावर खुशालराव ताथोडांचा वजनकाटा आहे. कापसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी चढते, आणि मधल्या फरकाची छापील पावती शेतकऱ्याच्या हातात पडते. धंदा सगळा विश्वासाचा. आणि हा धंदा करणारा माणूस असा, की सख्ख्या सावलीवरही त्याचा विश्वास नाही! गॅसचं सिलिंडर आलं की आधी उचलून हलवून पाहणार. चहा आला की ग्लास डोळ्यांसमोर धरून, पोरानं वाटेत घोट तर घेतला नाही ना, हे बघणार. बायको कौशल्याबाई म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला तवाई हे वरून डोकावून पाहून राहिले होते, पोरगी तीच हाये का म्हून." गमतीत म्हणायच्या, पण खोटं नव्हतं.

या काट्याच्या केबिनमध्ये सहा वर्षांपासून संध्या वानखडे बसायची. बाजूच्याच गावची, बी. कॉम. झालेली, बोलायला मोजकी. सहा वर्षांत तिच्या हातून एक पावती चुकली नव्हती. खुशालराव तिलाही रोज तपासायचे, पण ते सवयीनं. खरा संशय धरला तो त्या विंडोजच्या भानगडीपासून.

झालं असं. ऐन कापसाच्या दिवसांत खुशालराव साडूच्या पोरीच्या लग्नाला अमरावतीला गेले होते. दुसऱ्या दिवशी परत येऊन पाहतात तर कम्प्युटरचं तोंडच बदललेलं. खालची बटणं मधोमध, रंग वेगळा. विंडोज दहाचं अकरा झालं होतं. तेही एक वेळ चाललं असतं, पण वजनाचं सॉफ्टवेअर उघडेचना. ते सॉफ्टवेअर पुरातन. पेनड्राइव्हसारखी एक चावी मागे लावलेली असली तरच ते चालायचं, आणि त्या चावीचा ड्रायव्हर अकराला मान्य नव्हता. ज्या कंपनीनं ते दिलं, ती कंपनी कधीचीच बंद पडलेली. काट्याच्या डब्यावर वजन दिसायचं, पण पावती छापून निघायची नाही.

"कोनं केलं हे?"

"मी केलं, काका," संध्या म्हणाली. "दहाची मुदत संपली, अकरा फुकट घ्या, असं स्क्रीनवर रोज येऊन राहिलं होतं. तुमाले फोन केला. तुमी हो म्हणलं."

"मी? मी कवा हो म्हणलं?"

"लग्नातून म्हणलं."

खुशालरावांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आणि जे त्यांना आठवत नाही ते घडलेलंच नसतं, हा त्यांचा जुना कायदा! मग मेंदूचं चक्र फिरायला लागलं. पावती हातानं लिहायची वेळ आली की शेतकरी कुरकुरतात. कुरकुरले की समोरच्या काट्यावर जातात. समोरचा काटा कोणाचा? गजेंद्रचा. म्हणजे फायदा कोणाचा? गजेंद्रचा. झालं! चोर सापडला. "जुनं होतं तसं परत आलं तं ठीक," ते संध्याला म्हणाले, "नाई तं तू तुह्या रस्त्यानं, मी माह्या." आणि एवढ्यावर थांबले असते तर ते खुशालराव कसले? खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या कानाला लागून सांगायला लागले, "पोरगी फितूर झाली, गजेंद्रनं फोडली तिले." संध्या आत बसून ऐकत होती. हातानं पावत्या लिहीत होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून कम्प्युटरमध्ये स्वतःचं वेगळं खातं उघडलं. नाव दिलं 'मालक', आणि पासवर्ड असा ठेवला की कौशल्याबाईंनाही सांगितला नाही. त्या खात्यात पुरावे जमा व्हायला लागले. केबिनच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण आणायचं, त्यातले संध्याचे तुकडे निवडायचे आणि एका फोल्डरमध्ये ठेवायचे. संध्या फोनवर बोलताना. संध्या खिडकीतून गजेंद्रच्या काट्याकडे बघताना. संध्या डबा खाताना, का, तर डब्याखाली कागद दिसत होता. तो कागद म्हणजे खाली अंथरलेलं वर्तमानपत्र होतं, पण संशयाला चष्मा लागत नाही.

मेकॅनिकही त्यांनी एकदम बोलावला नाही. आधी दोन मेकॅनिकांना फोनवर वेगवेगळं विचारलं, दोघांचं जुळतं का ते पाहिलं, जुळलं तर ते आपसात ठरवून बोलले असतील अशी शंका काढली. यात आठवडा गेला. शेवटी अकोल्याहून शेखर आला. कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा, सरळ माणूस.

शेखरनं आधी ती चावी अकरावरच चालते का ते विंडोजची सुरक्षेची बटणं बंद करूनही पाहिलं. नाही चालली. मग म्हणाला, "भाऊ, घाबरू नका. अपग्रेड केल्यावर दहा दिवस जुनं विंडोज आतच ठेवलेलं असते. सेटिंगमध्ये 'परत जा'चं बटन हाये. दाबलं की दहा वापस येते, फायली जाग्यावर राह्यतात. तुमचा आज नववा दिवस हाये." त्यानं बटण दाबलं. पण कम्प्युटरनं नकार दिला. अपग्रेडनंतर उघडलेलं नवं खातं आधी काढा, म्हणाला.

"हे 'मालक' कोन?" शेखरनं विचारलं.

खुशालरावांचे कान ताठ झाले. "काहून?"

"ते खातं काढावं लागते. त्यातल्या फायली त्याच्यासंगं जातात. ठेवायच्या असतीन तं आधी काढून घेऊ, दाखवा मले."

आता बघा! सगळे पुरावे नेमके त्या खात्यात, आणि हा अकोल्याचा माणूस म्हणतो ते खातं उघडून दाखवा आणि मग पुसा. खुशालरावांनी हळूच संध्याकडे पाहिलं. संध्या शेखरला पाणी देत होती. पाणी! ओळख असल्याशिवाय कोणी पाणी देतं काय? "राहू दे," ते म्हणाले. "मी माह्या हातानं काढीन. सवडीनं."

"सवड उद्याचीच हाये. दहा दिवस झाले की विंडोज ते जुनं आपोआप पुसते, बटन जाते. पाह्यजे तं मी मुदत वाढवून देतो, साठ दिवसांपर्यंत होते. एकच ओळ टाकायची, पन आताच. मुदत गेल्यावर नाई वाढत." शेखरनं काळी खिडकी उघडली आणि इंग्रजी अक्षरं टाइप करायला घेतली.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं! बँकेतून पैसे चोरतात ते असंच, हे खुशालरावांनी मोबाईलवर पाहिलेलं होतं. त्यांनी शेखरचा हात धरला. "बंद कर. बंद कर आधी!" शेखरनं खांदे उडवले, तपासणीचे पैसे घेतले आणि बसनं अकोल्याला परत गेला. मधला दिवस खुशालरावांचा पुरावे कुठे हलवावेत या विचारात गेला. घरच्या कम्प्युटरवर ठेवावेत तर कौशल्याबाई पाहतील, मोबाईलमध्ये मावत नाहीत. त्यापुढच्या सकाळी त्यांनी सेटिंग उघडून पाहिलं. बटणच नव्हतं.

शेखरला पुन्हा फोन करताना त्यांचा आवाज जरा उतरला होता. शेखरनं काही बोलून दाखवलं नाही, तेवढा तो भला. म्हणाला, "आता एकच रस्ता, भाऊ. क्लीन इन्स्टॉल. दहा नव्यानं टाकायचं. पेनड्राइव्हवरून करू, सी ड्राइव्ह पुरा साफ होईन. सॉफ्टवेअर, खाते, फायली, काहीच राहत नाई. म्हून पयले सगळं बाहेरच्या डिस्कवर घेऊ."

"आन लायसन? ते नवं घ्या लागते काय?"

"नाई. या कम्प्युटरवर दहा पयलेच चालू होतं, त्याची नोंद हाये. लायसनचा नंबर विचारला तं 'नाई' म्हणायचं, आवृत्ती तीच निवडायची, नेट लावलं की आपोआप चालू होते. फक्त एक, दहाले आता साधे अपडेट येत नाईत. वर्षभराच्या जादा सुरक्षेची नोंदणी मी करून देतो. तेवढ्यात नवं सॉफ्टवेअर पाहून ठेवा."

शेखर आला. संध्या बाजूला उभी राहून वजनाच्या नोंदींचं फोल्डर दाखवत होती, जुन्या सॉफ्टवेअरचं आणि चावीचं सेटअप तिनं पेनड्राइव्हात जपून ठेवलेलं होतं, तेही दिलं. सगळं डिस्कवर गेलं. आता 'मालक' खातं. खुशालरावांनी दोघांना पाठ फिरवायला लावून पासवर्ड टाकला. फोल्डर कॉपी झालं. शेखर पुढं जायला निघाला तर यांनी अडवलं.

"थांब. खरंच आलं का ते पाहू दे. चालू करून दाखव."

"आलं भाऊ."

"चालू कर म्हणतो ना!"

केबिनच्या कम्प्युटरला कधीच स्पीकर नव्हता, म्हणून हे सगळे तुकडे खुशालरावांनी मुक्यानं पाहिलेले. शेखरनं डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली आणि पहिलाच तुकडा उघडला. संध्या पडद्यावर फोन टेबलावर ठेवून बोलताना दिसली, आणि लॅपटॉपमधून तिचा आवाज आला, "काका, कम्प्युटर विचारून राहिला, अकरा टाकू काय?" मागं बँडबाजा. आणि मग एक ओळखीचा, तोंडात घास असलेला आवाज, "टाक, टाक. अकरा टाक, बारा टाक, मले जेवू दे!"

शेखर खाली बघायला लागला. संध्यानं पुढं होऊन लॅपटॉपवर दुसरा तुकडा उघडला. मग तिसरा. केस बांधताना ती. डबा खाताना ती. पदरानं घाम पुसताना ती.

"हे काहून काढलं, काका?"

खुशालरावांना लाज वाटली. खरंच वाटली, कानाच्या पाळ्या तापल्या.

"हे सगळं पुसा," संध्या शेखरला म्हणाली. "तो फोनवालाई पुसा. मले पुरावा नाई पाह्यजे." मग खुशालरावांकडे वळली. "पन बाहेर तुमीच सांगतलं होतं मी फितूर हावो म्हून. आता तुमीच सांगा."

शेखरनं डिस्कवरचं ते फोल्डर पुसलं, पेनड्राइव्ह लावून कम्प्युटर सुरू केला आणि सी ड्राइव्ह साफ करून दहा टाकायला घेतलं. दुपारपर्यंत जुनं तोंड परत आलं. चावी लागली, सॉफ्टवेअर उघडलं, संध्यानं नोंदी परत भरल्या आणि पहिली छापील पावती सरसर बाहेर आली. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. खुशालराव पायरीवर उभे राहिले. साठ वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं.

"ऐका रे. संध्यानं काई केलं नाई. चूक माही होती. मीच फोनवर हो म्हणलं होतं."

पुढच्या ट्रॅक्टरवरचा जानराव हसला. त्यानं मागच्याला डोळा मारला. "भाऊ, इतकं नरम? काहीतरी हातात सापडलं दिसते पोरीच्या!"

"अरे खरं सांगून राहिलो मी!"

"हो हो, खरंच असन. दाबल्यावर मानूस खरंच बोलते," मागचा म्हणाला, आणि रांगेतले सगळे हसले. एकजण मान लांब करून केबिनमध्ये संध्याकडे बघायला लागला. "काय पाहिलं वं संध्या, सांग ना आमालेई!"

खुशालराव ओरडत होते, शपथा घेत होते, कौशल्याबाईंची, कापसाची, कोणाकोणाची. जितकं ओरडले तितकं लोकांना पटत गेलं की पाणी मुरतंय.

संध्यानं छापलेली पावती जानरावच्या हातात दिली. वजन बरोबर आहे ना, एवढं विचारलं. मग डब्याची पिशवी उचलली, चप्पल घातली आणि कोणाकडेही न बघता रांगेच्या कडेकडेनं बसथांब्याकडे निघून गेली.

"संध्या, उद्या येशीन ना?" खुशालरावांनी हाक मारली.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. जानरावच्या मागचा ट्रॅक्टर तेवढ्यात काट्यावर चढला, आणि पावती काढायला केबिनमध्ये कोणी नव्हतं.