ज्याच्या वतीनं आई उभी राहिली

आजकालच्या नवरदेवांची भाषणं ऐकली की माझं डोकं उठतं. हातात माईक आला की सुटतात! नवरा आभार मानायला उभा राहतो तो लोकांना जेवायला मोकळं करण्यासाठी, एवढं साधं यांना कुणी सांगत नाही. माझं भाषण चार मिनिटांचं होतं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण त्यातलं एक वाक्य मला अजून झोपू देत नाही.

आमचं घर उत्तनचं, समुद्राच्या अंगाला. बाबा मच्छीमार, मी भाईंदरला मिठागराच्या कचेरीत कारकून, आणि माझा थोरला भाऊ मोठ्या आगबोटीवर खलाशी. लढाई चालू होती. तरी लग्नाला येणार, तुझ्या शेजारी मीच उभा राहणार, असं त्यानं कळवलं होतं. नवरीच्या डोक्यावरच्या जाळीसाठी कुठल्याशा बंदरातून कापडही पाठवलं होतं. आईनं ते कापड साऱ्या आळीला दाखवलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांना ओढून आणून दाखवलं.

लग्नाला नऊ दिवस असताना बोट कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी होतं, म्हणून बाबा ते घेऊन थेट कचेरीत आले. मी वाचलं. बोट बुडाली होती आणि वाचलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. बाबा मिठाच्या गोणीवर बसले ते किती तरी वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "तुज्या आईला सांगू नको. लगीन होऊ दे."

मी चिडलो. आपल्याच बापावर ओरडलो, त्या कचेरीत, सगळ्यांसमोर. पण त्यांचंही खोटं नव्हतं. तीन रविवार चर्चमध्ये आमच्या लग्नाची घोषणा झाली होती, मांडवाचे खांब रोवले होते. पत्र घरात उघडलं असतं तर घर वर्षभर काळ्या कपड्यांत गेलं असतं, आणि तिकडे मुलीच्या आजीचे दिवस भरत आले होते. तिला नातीचं लग्न बघायचं होतं. शेवटी मी हो म्हणालो. पत्र माझ्या लग्नाच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तिथं कोण हात घालतंय, असं मला वाटलं. अक्कल बघा!

आता आमच्याकडची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आधी घरातला एक वडीलधारा ग्लास उंचावून नवरा-नवरीचं आरोग्य चिंततो. त्याला उत्तर म्हणून नवऱ्यानं आभार मानायचे. सुरुवात दोन्ही घरांतल्या गेलेल्या माणसांपासून. त्यांची नावं घ्यायची, लोक माना खाली घालतात. मग जिवंतांचे आभार. पाद्री, मुलीचे आईबाप, आपले आईबाप, मांडव घालणारे, रांधणाऱ्या बाया, वाजंत्री, शेवटी पाहुणे. ज्याचं नाव घ्याल त्यानं बाकावरून उभं राहायचं, म्हणजे कुणाचा हात लागलाय ते सगळ्यांना दिसतं. टाळ्या झाल्या की बसायचं. आणि जो कामधंद्यामुळे येऊ शकला नाही त्याच्या वतीनं घरातलं कुणीतरी उभं राहतं.

लग्नाच्या सकाळी आई माझ्या कॉलरचं बटण लावत होती. म्हणाली, "थोरल्याचा नाव घेशील ना? इसरू नको हां."

"घेतो गं."

"कवा घेशील?"

तिनं बटण लावलं, कोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाजंत्र्यांच्या मागून घे. पावण्यांच्या आदी." एवढं बोलून ती चुलीकडे गेली. मला वाटलं, आईला कशाचाच पत्ता नाही.

दुपारी चर्चमधून वाजत-गाजत आलो. माडाच्या झावळ्यांचा मांडव, खाली शेजाऱ्यांकडून मागून आणलेली बाकं, समुद्रावरचा वारा. मामांनी ग्लास उंचावला, बँडनं एक तुकडा वाजवला, आणि मी उभा राहिलो. भाषणाचा कागद काढायला खिशात हात घातला तर बोटांना पत्र लागलं. मी हात तसाच बाहेर काढला. कागदाशिवायच बोललो.

गेलेल्यांची नावं घेतली. आजा, आजी, बायकोचे आजोबा, लहानपणीच गेलेली माझी बहीण. माना खाली गेल्या. भावाची जागा खरी तिथंच होती. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मी क्षणभर थांबलो आणि पुढे गेलो. पाद्रीबाबांचे आभार मानले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. सासऱ्यांना म्हणालो, "तुम्ही तुमच्या घरातला उजेड आमच्याकडे पाठवलाय, आम्ही तो जपू." सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. आईबाबांना म्हणालो, "तुमच्या ऋणात राहीन." मांडवाची पोरं एकदम उठली आणि शिट्ट्या वाजवल्या. पहाटेपासून वडे-फुगे तळणाऱ्या शेजारणी हात पुसत चुलीमागून आल्या, आणि म्हातारी काकू ओरडली, "आवर रे, मटण निवलं!" सगळे हसले. वाजंत्रीही उभे राहिले आणि टाळ्या घेऊन बसले.

मग मी म्हणालो, "माझा थोरला भाऊ बोटीवर आहे. जाळीचं कापड त्यानं पाठवलं. आज तो इथं नाही. तो घरी आला की त्याचे आभार मी त्याच्या गळ्यात पडून मानीन."

घरातले कर्ते म्हणून बाबांनी उठायला हवं होतं. ते बाकाला धरून बसले, हललेच नाहीत. आई उठली. लाल लुगडं, गळ्यात पोत, हात जोडलेले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या, ती बसली नाही. मी पाहुण्यांचे आभार मानले, भाईंदरहून टांग्यानं आलेल्यांचे, डोंगरीवरून चालत आलेल्यांचे. काही उणं राहिलं असेल तर पोटात घाला म्हणालो, जेवून घ्या म्हणालो. ती उभीच. कुणीतरी तिच्या लुगड्याला ओढलं, तरी उभीच. हसत होती. मी बसलो तेव्हाच ती बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून ओटीवर आलो तर आई काळं लुगडं नेसून बसली होती. बाबांनी काही सांगितलं का, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"तुजा कोट उन्हात घालताना कागूद गवसला," आई म्हणाली. "कंपनीचा छाप मी वळखते. पाद्रीबाबांकडनं वाचून घेतला नि परत तितंच ठेवला. पाच दिवस झाले."

"मग मला त्याचं नाव का घ्यायला लावलंस?" मी ओरडलोच. "जिवंतांत का? साऱ्या गावासमोर मी खोटं बोललो, आई!"

ती रागावली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "गेलेल्यांत तर आता जलमभर घ्यायचाय त्याचा नाव. एक डाव जित्यांत ऐकायचा होता मला."

आत माझी बायको जागी झाली होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, "आणि मग बसलीस का नाहीस गं?"

"मी उबी होते तवर तो होता ना रे," आई म्हणाली. "बसले असते की गेला असता."