तळ्याच्या पोटातला पूस

बायको गेली त्याला दुसरा उन्हाळा लागला. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून लिहितो. शाळा मला चौथीपर्यंत. ती म्हणायची, तुमचं अक्षर बगळ्याच्या पायासारखं आहे. असेल. पण जे पाहिलं ते या हातांनी पाहिलं, म्हणून याच हातांनी लिहिलेलं बरं.

आम्ही जातीचे भोई. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा. आमची पाच-सहा घरं एका जुन्या तळ्याच्या काठाला होती. मेहकरकडच्या डोंगरांमधलं ते तळं, तिन्ही बाजूंनी टेकड्या आणि चौथ्या बाजूला कुण्या जुन्या काळचा दगडी बांध. टेकड्यांमुळे वारा तिथे जोर धरत नसे. बांधाच्या तोंडाशी पाणी आठ परस खोल, म्हणजे हात वर केलेली आठ माणसं एकावर एक उभी करा, एवढं. माझ्या आयुष्यात ते तळं कधी आटलं नाही. विहिरी मात्र चैत्रातच तळाला जायच्या.

उन्हाळ्यात जाळं लावताना एक गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. पूस महिन्यात, म्हणजे ऐन थंडीतल्या पौषात, जाळं तळापर्यंत सोडा, वरपासून खालपर्यंत मासा लागतो. वैशाखात तसंच सोडा, वरच्या तीन परसांत मासा आणि खालच्या जाळ्याला नुसता काळा चिकटा. त्याला कुजक्या अंड्याचा वास. मासा तिथे जातच नाही. आणि तो खालचा दोर बाहेर ओढला की हाताला असा गार लागतो की बोटं आखडावीत. वर पाणी अंघोळीसारखं कोमट आणि खाली हे. आम्ही म्हणायचो, खाली साती आसरांचं, पाण्यातल्या देवींचं घर आहे, तिथलं त्यांच्याजवळ. त्यापुढे कुणी विचारत नसे. आसरांचं कोण विचारतो?

लग्नाला तीन वर्षं झाली होती. वैशाखातल्या एका दिवशी ती माशांची पाटी घेऊन बाजाराला गेली आणि भर दुपारी परत आली. पाटी दारात ठेवली आणि तिथेच बसली. मी म्हणालो, "आत ये ना." ती माझ्याकडे पाहून हसली आणि माझ्या मेलेल्या आजीचं नाव घेऊन मला हाक मारली. मग आडवी झाली. अंगाला हात लावला तर तवा. घामाचा थेंब नाही, कातडी कोरडी खरखरीत. ऊन लागलं होतं. गेल्याच उन्हाळ्यात शेजारचा एक धडधाकट माणूस असाच दुपारी पडला आणि दिवस मावळायच्या आत गेला होता. त्यामुळे आपल्यापुढे काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आईने तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं तोंडाला लावलं. गिळेना. ओठांच्या कडेने बाहेर आलं. माठातलं गार पाणी दोन लुगडी भिजवण्यात संपलं. माठ पुन्हा भरला तरी पाणी गार व्हायला रात्र जावी लागते. तळ्याच्या काठचं पाणी आणून ओतलं, ते अंगाइतकंच ऊन. ओतलं काय आणि न ओतलं काय.

तिचा भाऊ, माझा साळा, त्या दिवशी आमच्याकडेच होता. माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ.

"गाडी जुंपतो," तो म्हणाला. "मेहकरले डाक्टर हाय."

"या उन्हात? मेहकर येईलोक जित्ती राहीन का ते?"

"मंग नांदुऱ्याहून बरफ आनतो. रेल्वेनं येते तिथं."

"अन् इथं येईलोक त्याचं काय राहीन? बरफावरचा ओला भुसा."

त्याचे डोळे भरले होते, म्हणून माझ्याकडे न पाहता अंगणाकडे पाहत राहिला. अंगणात सकाळचं जाळं वाळत टाकलेलं होतं. मी पण तिकडेच पाहत होतो. त्याचा खालचा दोर पाहून माझ्या बोटांना ती गारी आठवली. डोक्यात काही आलं असं म्हणता येणार नाही. बोटांत आलं.

मी पितळी कळशी उचलली. आईने ओळखलं. दारात आडवी उभी राहिली.

"पोरा, खालचं पानी आसराचं हाय. ते घरात आनत नाई."

"माय, सरक."

"आजवर कोनी आनलं नाई."

"आजवर कोनाची बायको अशी पडली असन तर त्यानं आनाले पाह्यजे होतं."

आई दारातून बाजूला झाली. मग आत गेली, हळदीकुंकवाची पुडी आणली आणि माझ्या कमरेला खोचली. "चोरू नोको," म्हणाली. "मागून घेजो."

साळ्याला घेऊन डोंगा, आमची लहान होडी, बांधाच्या तोंडाशी नेला. कळशीच्या गळ्याला अंबाडीचा दोर बांधला, जाळ्याचे दगड बांधले आणि विहिरीत सोडतो तशी सोडली. सहा परस दोर गेला. ओढून काढली, हात घातला. कोमट. विहिरीवर जन्मभर हेच केलेलं, म्हणून हेच केलं. वरून सोडली की कळशी वरच्याच पाण्याने भरते आणि भरलेलीच खाली जाते. खालच्या पाण्याला तिच्यात जागा कुठे राहते?

साळ्याने हात बुडवला आणि म्हणाला, "जवाईबुवा, मायी बहीन तिकडं जळून राह्यली अन् तुमी आंघोळीचं पानी काढून राह्यले."

मी कळशी पालथी पाण्यावर धरली. लहानपणी आपण सगळेच तांब्या पालथा पाण्यात दाबतो, आत हवा अडकते आणि तांब्याला वर ढकलते. पाणी आत शिरत नाही. मी आणखी दगड बांधायला सांगितले, एक मोठा दगड माझ्या हातात घेतला आणि त्याला म्हणालो, "मी हिले पालथीच घेऊन जातो. खाली गेलो का उताणी करतो. बुडबुडे आले का वढजो."

"अन् तुमी नाई आले तं?"

"तं आधी कळशी घरी ने."

उडी मारली. मी लहानपणापासून पाण्यातला माणूस, पण उन्हाळ्यात त्या जागी इतकं खाली कधी गेलो नव्हतो. दगड ओढत नेत होता, पाय खाली, डोकं वर. एक परस, दोन परस, पाणी अंगाला काही वेगळं लागेना. कान दाबले गेले. उजेड हिरवा होत गेला, मग तपकिरी. आणि तिसऱ्या परसाच्या पुढे माझे पाय गेले.

खोटं वाटेल, पण पाय पूस महिन्यात होते आणि छाती वैशाखात. हळूहळू गार होत गेलं असं नाही. हातभर अंतरात सगळं बदललं. कुणी पाण्यावर पाण्याचंच झाकण घालावं तसं. गारी गुडघ्यांवर आली, कमरेवर आली, गळ्याशी आली आणि मग डोक्यावरून गेली. दातांवर दात आले. वर गावात जमीन भाजत होती, आणि त्याच उन्हाखाली, तीन माणसांच्या उंचीइतकं खाली, असा शांत गारवा होता की त्याला आपण आलो हेही कळलं नसावं. मला भीती वाटली नाही. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, तसं झालं. मी मनात म्हणालो, आसरा माय, उसनं दे. कमरेची पुडी तिथेच सोडली. कळशी उताणी केली. आतली हवा भळभळ वर गेली, आणि दगड सोडून तिच्यामागे मी.

वर आलो तेव्हा साळा दोर ओढत होता. कळशी डोंग्यात घेतली आणि त्याने हात घातला. मग दुसरा घातला. मला शिवी देणार होता बहुतेक, पण नुसता "अरे बाप" म्हणाला, तेही हळू.

पाणी वर येताना गरम पाण्यातून आलं, तरी गारच राहिलं. गार पाणी जड, ते कळशीच्या पोटातून हलत नाही.

पाच-सहा खेपा केल्या. आई आणि शेजारणी लुगडी भिजवून तिच्या काखांत, मानेला, मांड्यांना लावत होत्या, वरून ओतत होत्या, पंख्याने वारा घालत होत्या. घरभर तो कुजक्या अंड्याचा वास. शेवटच्या खेपेला मी घरात आलो तर माझी बोटं निळी पडली होती आणि आई तिच्या कपाळाकडे पाहत होती. तिथे ओल होती. पुसली तर परत आली. घाम होता.

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. मला ओळखलं. नाक मुरडलं.

"अवो, कायचा वास येते? कायनं आंघोळ घातली मले?"

साळा बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसला.

तिला उठून चालायला आठवडाभर लागला. पण विचारणं तिने दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. गार कसं राहते? ऊन तं तळ्यावरच पडते, खाली काऊन जात नाई? मी एवढंच सांगितलं, आसरांकडून उसनं मागून आणलं. उत्तर तिनेच काढलं. घंगाळात आधी गार पाणी घेतलं, वरून चुलीवरचं कढत पाणी वाटीने अलगद सोडलं आणि मला म्हणाली, हात घाला. वर चटका, खाली गार. ती म्हणाली, कढत पाणी हलकं, ते वरच बसते. कोणी ढवळलं तरच एक होते. आपल्या तळ्याले ढवळते कोन? वारा. तो टेकड्यांतून येते किती, अन् पोचते कुठलोक? वरच्या वर.

मग आम्ही दोघांनी जाळ्याची गोष्ट त्यात बसवली. थंडीत वरचं पाणीही गार होऊन जड होतं, खाली बसतं, सगळं तळं वरखाली एक होतं, म्हणून मासा सगळीकडे. फाल्गुनापासून ऊन वरचं तापवतं, ते हलकं होऊन झाकण धरतं, आणि थंडीतलं पाणी खाली कोंडलं जातं. वरची ताजी हवा त्याला मिळत नाही, म्हणून तो वास आणि म्हणून मासा नाही. पावसाळ्यात नाल्यांचं पाणी आणि वादळं आली की झाकण फुटतं. पुढे मुंबईच्या गोदीत काम करणारा माझा भाचा सांगायचा, समुद्रातही असंच आहे. वर कितीही तापो, खाली बाराही महिने थंडी. ती ऐकून म्हणाली होती, मग आपलं तळं लहान समुद्रच.

माझ्या मनात मात्र तेव्हा एवढंच होतं, आणि आजही तेच आहे. ज्याने तिला वाचवलं ते पाणी चार महिन्यांपूर्वीचं होतं. पूस महिन्यात आम्ही शेकोटीशी बसून ज्या थंडीला नावं ठेवत होतो, ती कुठे गेली नव्हती. आमच्या पायांखाली होती. तळ्याने ती जपून ठेवली होती, आणि कुणासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं. यंदाच्याआधीच्या हिवाळ्यात ती गेली तेव्हा अंगाला ताप नव्हता. म्हातारपण होतं. त्यावर कुठून काय काढून आणणार?

त्या उन्हाळ्यात बरी झाल्यावर ती म्हणाली, मला तिथे न्या. आई नको म्हणाली, तरी नेलं. डोंगा त्याच जागी उभा केला. ती डोंग्याच्या काठाला बसून पाण्यात हात घालून राहिली. वरचं पाणी ऊन होतं. मी खाली गेलो, एक कळशी भरून आणली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ काढला नाही. दंडावर काटा आला होता.

मग तिने कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि सगळं पाणी हळूच तळ्यात परत ओतलं.

"उसनं घेतलं होतं ना," ती म्हणाली. "चला आता, जाळं काढाचं हाय."