बेसलाइनमधली शून्यं

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. त्यामुळे कागदावरची लबाडी मला लगेच कळते, असा माझा समज होता.

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगार बायकांना कन्नड लिहा-वाचायला शिकवणाऱ्या छोट्या संस्थेत मी प्रस्ताव लिहीत असे. अनुदान संपत आलं होतं. नवं मिळालं नाही तर वर्ग बंद. संस्था चालवणाऱ्या सरांनी प्रस्तावातला लॉगफ्रेमचा तक्ता, म्हणजे काय पुरवणार आणि त्यातून काय साधणार याची मांडणी, माझ्यावर सोपवला. तळाशी इनपुट: शिक्षिका, पुस्तकं, भाड्याची खोली. त्यावर आउटपुट: चाळीस बायका सहा महिन्यांचा वर्ग पुरा करतील. त्याच्यावर आउटकम: त्या सोपा उतारा स्वतः वाचू लागतील. शेजारच्या रकान्यात निर्देशक: उतारा वाचणाऱ्या किती, आज आणि सहा महिन्यांनी. आजचा आकडा म्हणजे बेसलाइन.

ती चाचणी वर्गाला शिकवणाऱ्या अक्कांनी घेतली होती. पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या त्या. चाळीसपैकी अडतीस जणींना शून्य.

दुसऱ्या दिवशी त्या अडतिसांतल्याच एकीनं दारावरची कन्नड चिठ्ठी वाचली आणि मागच्यांना ओरडून सांगितलं, उद्या वर्ग नाही! माझं डोकं फिरलं. सुरुवातीला शून्य दाखवलं की शेवटची प्रगती डोंगराएवढी दिसते.

"अक्का, वाचता येत नाही म्हणा, असं बायकांना तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी?" अक्का खडू ठेवून उठल्या. "शिकलीस म्हणून तोंडाला येईल ते बोलशील काय गं? स्वल्प थांब. तिलाच विचार."

चिठ्ठी वाचणाऱ्या त्या बाईला मी विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "थोडं येतं म्हटलं तर काढून टाकाल. कंपनीजवळच्या दुसऱ्या वर्गातून मला तसंच घरी पाठवलं होतं."

कुणालाही काढणार नाही असं सगळ्यांना सांगून आम्ही चाचणी पुन्हा घेतली. आता चाळीसपैकी नऊ जणी उतारा घडाघडा वाचत होत्या.

सर वैतागले. "देणगीदार म्हणेल, येतंच आहे तर वर्ग कशाला?"

"आणि पाहणीला येऊन त्यांनी एखाद्या शून्यवालीला वाचताना ऐकलं तर?"

सरांनी तक्ता माझ्याकडे परत सरकवला. मी बेसलाइन बदलली. नऊ जणींसाठी वेगळा गट आखला. त्यांचा निर्देशक, पगाराची चिठ्ठी वाचून बँकेचा फॉर्म स्वतः भरणं. पुरावा म्हणून हजेरी नाही, भरलेले फॉर्म.

अक्कांची माफी मागितली. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाल्या. पण तक्ता पाठवायच्या आधी त्यांनी माझ्या हातून ओढून घेतला, चष्मा लावला आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून वाचायला बसल्या.

"तू काय लिहिलंयस, मलाही बघू दे," म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. बोट तिसऱ्या ओळीवर, बेसलाइनच्या आकड्यापाशी थांबलं, तेव्हा चूक निघालीच तर खोडायला मी पेन्सिल हातात घेतली.