ठरलेला दर आणि भावाची हळहळ

माझ्या धाकट्या भावाचा नवलाख उंबरे गावात पितळी झडपा बनवण्याचा छोटा कारखाना आहे. एका परदेशी ऑर्डरचे डॉलर तीन महिन्यांनी यायचे होते आणि कामगारांचा दिवाळी बोनस त्यांतूनच निघणार होता. डॉलर उतरला असता, तर बोनसला कात्री लागली असती. म्हणून मी त्याला बँकेत नेले आणि त्याने फॉरवर्ड करार केला. त्या तारखेला बाजारात दर काहीही असो, डॉलर बँकेला आज ठरलेल्या दरानेच विकायचे. एरवी पैसे हाती येईपर्यंत बोनसचा आकडा न सांगणाऱ्या भावाने तो त्याच संध्याकाळी जाहीर केला.

पुढे डॉलर वधारला. भाऊ रोज चहाला हळहळू लागला.

"ताई, तुझ्या शिस्तीपायी लय गेलं बघ."

"आणि उतरला असता तर? आकडा सांगून बसला होतास."

त्याने आणखी एक कप चहा ओतून घेतला.

डॉलर वेळेवर आले, ठरल्या दराने रुपये जमा झाले आणि सांगितला तेवढाच बोनस वाटला गेला.

"पुढच्या ऑर्डरलापण बँकेत चल," भाऊ म्हणाला. "फक्त मला हळहळू दे."

तेवढी सवलत मी दिली.