मुंगळ्याची अर्धपगारी रजा

माझ्या कामावरच्या जोडीदाराला बसच्या वर्कशॉपमध्ये सगळे मुंगळा म्हणत. तुटेल, पण धरलेलं सोडणार नाही.

त्या दिवशी फोरमनला घाई होती. बस नुसत्या जॅकवर उचललेली. "आधाराला घोडी लावतो," मुंगळा म्हणाला. "तुझी घोडी येईपर्यंत वरात निघून जाईल, घुस खाली!" जॅक सरकला. मांडीचं हाड मोडलं, गुडघा चेचला. अहवालात फोरमनने लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

मांडीत सळई बसली. पूर्ण पगाराची रजा संपली आणि अर्धपगारी सुरू झाली. वहिनी शेजारणीचे कपडे शिवू लागल्या. आधी वॉकर, मग कुबड्या, मग काठी. पाय टेकायला परवानगी मिळाली ती एक्स-रेत हाड धरलेलं दिसल्यावर. गुडघा वाकवताना तो ओरडायचा, आणि फोरमनला शिव्या घालून पुन्हा वाकवायचा. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "काका, कुणाचं तरी नाव घेता, पण पाय ऐकतो बरं का!"

फोरमनचा निरोप आला. "खात्यात हलकं काम नाही. मेडिकल बोर्डाकडून कायमचा अपात्र होऊन घे, सुखाने घरी बस."

"घरी तो बसेल," मुंगळा म्हणाला.

बोर्डापुढे माणसं असतात त्यापेक्षा जास्त लंगडतात. याने उलटं केलं. काठी माझ्याकडे देऊन ताठ आत गेला. दार अर्धवट उघडं होतं. तीन डॉक्टर. "उकिडवे बसा." बसला. उठता येईना. घामाने डबडबला, पण हात मागेना.

मोठे डॉक्टर चिडले. "दुखणं लपवलंत तर मी काय ठरवू? असंच असेल तर रजा वाढवतो."

"रजा नको. कामावर जायचंय."

"एवढी घाई?"

"एका माणसाला रोज दिसायचंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "ती काठी द्या त्यांना. आता खरं चालून दाखवा."

तो लंगडत चालला. निकाल आला: हलक्या कामास पात्र, वजन उचलणं आणि उकिडवं बसणं नाही, सहा महिन्यांनी फेरतपासणी.

हलकं काम नाही म्हणणाऱ्या फोरमनला मॅनेजरनेच गप्प केलं. दुरुस्त गाडी रस्त्यावर सोडण्याआधी तपासणारा माणूस निवृत्त झाला होता. त्याच्या स्टुलावर मुंगळा बसला.

खोट शोधावी लागत नव्हती, फोरमनची घाई तशीच होती. एक नट ढिला दिसला की, "परत न्या." बस पुन्हा आत. मॅनेजर फोरमनला सगळ्यांदेखत झापायचा. मला एकदा कीव आली. मुंगळ्याला आली नाही.

शेवटी फोरमन स्टुलापाशी आला. "अरे, झालं ते झालं. किती दिवस चालवणार हे?"

"गुडघा पूर्ण वाकेपर्यंत, साहेब."

"आणि कधी वाकणार तो?"

"डॉक्टर म्हणाले, कधीच नाही. ती मागची गाडी परत न्या."